अंतरिम लाभांशाचा ठराव: बँकेचा परिच्छेद विसरू नका

«दर आणि रेकॉर्ड डेट ठरली की ठरावाचं काम संपलं.»

नाही हो, खरी अडचण तिथूनच सुरू होते. मी सेक्रेटेरियल विभागात काम करते. ठरावात स्वतंत्र लाभांश खातं कोणत्या शेड्यूल्ड बँकेत उघडायचं आणि त्यावर सह्या कोणाच्या, हे नसेल तर बँक ठरावाची प्रमाणित प्रत वाचून फाइल परत पाठवते. इकडे मुदत पळत असते. कंपनी कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे घोषणेपासून ५ दिवसांत पूर्ण रक्कम त्या खात्यात पडावी लागते, आणि अंतरिम लाभांशही त्यातून सुटत नाही.

समजा, २ रुपये दर्शनी किमतीचे १ कोटी शेअर आहेत आणि १ ऑगस्टच्या बैठकीत २५० टक्के लाभांश ठरला. म्हणजे शेअरमागे ५ रुपये. ठरावात टक्के आणि रुपये दोन्ही लिहा. नुसत्या टक्क्यांवर भागधारक बाजारभावाचा हिशेब मांडून बसतात. आता ६ ऑगस्टपर्यंत ५ कोटी खात्यात हवेत आणि ३० दिवसांत, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत, वाटप पूर्ण हवं. हे ३० दिवस घोषणेपासून मोजतात, रेकॉर्ड डेटपासून नव्हे. रेकॉर्ड डेट २२ ऑगस्ट ठेवलीत तर भागधारकांची यादी, करकपात आणि बँकेची फाइल यांना जेमतेम ९ दिवस उरतात. मुदत चुकली तर कंपनीला १८ टक्के दराने व्याज भरावं लागतं. म्हणून रेकॉर्ड डेट ठरवण्याआधी भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या शेअर रजिस्ट्रारला विचारा.