घड्याळ कुणी लावलं?

वाचकाची प्रतिक्रिया: "प्रत्येक थ्रिलरमध्ये तेच. खलनायक फोन करतो, बारा वाजेपर्यंतची मुदत देतो आणि शेवटी अख्खं शहर धोक्यात. मुदत असल्याशिवाय तुम्हाला थरार जमतच नाही का? मला तर हे ओढूनताणून वाटतं."

सर, फोनवरच्या मुदतीबद्दल माझं तुमच्यासारखंच मत आहे. बाराचे तीन केले तरी कथेत कुणाचं काही बिघडत नाही, कारण ती वेळ लेखकाच्या सोयीची असते. पण म्हणून मुदतच टाकून द्यावी, हे मला पटत नाही. कुणालाच हलवता येणार नाही अशी मुदत शोधावी लागते.

समजा, आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत खून झाला. आरोपीला न्यायालयाने 20 जानेवारीला पहिली कोठडी दिली. खुनाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी पोलिसांना 90 दिवस मिळतात आणि कोठडीचा पहिला दिवसही त्यात मोजतात. लीप वर्ष नसेल तर 19 एप्रिलला नव्वद भरले. तोवर दोषारोपपत्र गेलं नाही, तर 20 तारखेपासून आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पुरावा कितीही भक्कम असला तरी.

आता यातली खरी गंमत. हा हक्क मागावा लागतो. वकिलाच्या अर्जाआधी पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं, तर हक्क गेला. अर्ज आधी पडला, तर मागून आलेल्या दोषारोपपत्राने तो बुडत नाही. म्हणजे 20 एप्रिलच्या सकाळी कोर्टाच्या खिडकीपाशी आधी कोण पोचतं, यावर सगळं प्रकरण. इथे धमकीचा फोन लागत नाही, बॉम्ब तर नाहीच.

राहिला धोका वाढवण्याचा प्रश्न. अख्खं सोलापूर उडणार नाही, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं; तेवढी किंमत लेखक मोजणारच नाही. पण एकमेव साक्षीदार विडी घरकुल वसाहतीतली एक विडी कामगार बाई असेल तर? ती रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्याने वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करायला जाते. एक दिवस चुकला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून घरी बसणं तिला परवडत नाही. तिला लेखक खरंच मारू शकतो. साठाव्या दिवशी ती आपल्याला नुसती माहीत असावी, ऐंशीव्या दिवशी आरोपीच्या भावाला तिचा रस्ता कळावा. धोका वाढला, पण आकडा एकाच माणसाचा राहिला.

एक पथ्य मात्र पाळायचं. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला चालूच राहतो, आणि साक्षीदाराजवळ फिरकू नये अशी अटही कोर्ट घालू शकतं. लेखकाने "आता तो कायमचा सुटणार" असं इन्स्पेक्टरच्या तोंडी घातलं, तर कोर्टात रोज उठबस असलेला सोलापूरकर तिथेच पुस्तक मिटेल. उलट आरोपीवर अट असली तरी त्याचा भाऊ मोकळाच आहे, त्याच्यावर कसलीच अट नाही, हे बाईच्या लक्षात येतं तिथून पुढचं प्रकरण सुरू करता येईल.