माती उकरणं वेगळं, नमुना घेणं वेगळं

मातीचा नमुना कसा घ्यायचा आणि माती परीक्षणाचं कार्ड कसं वाचायचं हे शेतकऱ्यांना शिकवायला मे महिन्यात एक दिवस ठेवलाय, असं मी या पानावर लिहिलं होतं. त्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया:
"आयुष्यभर माती उकरणाऱ्या शेतकऱ्याला माती कशी उकरायची हे शिकवायला अख्खा दिवस? टेबलावर बसून लिहिणाऱ्यांनाच असं सुचतं. नमुना न्यायला माणूस येतो, कार्ड मिळतं. पाच मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, जेवणावळीचा खर्च वाचेल. आणि मे महिन्यात दुपारी दोनला रानात कोण येणार?"

नमस्कार,

दुपारी दोनची वेळ चुकलीच. रानातला भाग सकाळी सातला घेऊ आणि कार्डवाचन दुपारी शाळेच्या खोलीत. हे मान्य.

पण टेबलाचं काय काढलंत? मला न भेटता, माझं रान न बघता? साडेतीन एकर आहे माझं, कांदा आणि सोयाबीन स्वतः करतो. मुद्दा मांडा, माणूस कशाला मोजता?

आता तुमचं पहिलं वाक्य. उकरता सगळ्यांना येतं, मलाही येत होतं, आणि घोळ तिथेच आहे. आपण कुदळीने वीतभर खड्डा घेतो आणि निघालेली माती पिशवीत भरतो. खड्डा वर रुंद, खाली निमुळता. म्हणजे त्या मातीत वरच्या दोन-तीन इंचांची माती जास्त आणि तळाची चिमूटभर. शेणखत, पालापाचोळा, टाकलेलं स्फुरद हे सगळं वरच्याच थरात जास्त असतं. त्यामुळे अहवालात जमीन आहे त्याहून श्रीमंत दिसते. म्हणून आधी वरचा काडीकचरा बाजूला सारायचा, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, निघालेली माती फेकून द्यायची, आणि मग खड्ड्याच्या एका बाजूचा वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीचा, इंचभराचा काप खुरप्याने काढायचा. नमुना म्हणजे तो काप.

असे आठ-दहा काप नागमोडी चालत घ्यायचे. बांध, झाडाची सावली, पाटाचं पाणी मुरतं ती जागा, खताचे ढीग पडलेली जागा सोडायची. जस्ताचा मुलामा असलेली बादली नको, त्याने जस्ताचा आकडा फुगतो. प्लास्टिकचं घमेलं घ्या. खताची रिकामी गोणी तर नकोच नको. सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तेच, अर्धा किलो उरेपर्यंत. एका एकरातली वीतभर खोलीची माती साधारण नऊ लाख किलो भरते, तिची साक्ष हा अर्धा किलो देणार. हे पाहून नाही, हाताने चार वेळा करूनच जमतं.

माणूस येतो म्हणालात. माझ्याकडेही आला होता. नाव घेत नाही. रस्त्याकडेच्या कोपऱ्यात दोन खड्डे घेतले, पिशवी भरली, निघाला. त्या कोपऱ्यात वडिलांच्या वेळी उकिरडा होता. कार्डात स्फुरद "अत्यंत जास्त" आलं आणि मी विश्वास ठेवून दोन हंगाम सुपर फॉस्फेट बंद केलं. कांदा पोसेना. शेवटी सगळ्या रानात फिरून स्वतः नमुना घेतला, तर स्फुरद "कमी" निघालं. तेच रान, तीच प्रयोगशाळा. ते दोन हंगाम मला कोणी भरून दिले नाहीत, म्हणून हा दिवस ठेवलाय.

कार्ड हातात आल्यावरही सुटका नाही. आकडे किलो प्रति हेक्टर असतात आणि आपण एकरात मोजतो. शिवाय शिफारस पुष्कळदा अन्नद्रव्यात असते, खताच्या गोण्यांत नव्हे. कांद्याला हेक्टरी ५० किलो स्फुरद लिहिलं असेल तर एकरी २० झालं. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणजे एकरी १२५ किलो, अडीच गोण्या. "५०" वाचून एकरी एक गोणी टाकणारे माझ्याच गावात आहेत. त्यांच्या पिकाला २० ऐवजी ८ किलो मिळतं. दुपारभर आम्ही हाच हिशेब प्रत्येकाच्या स्वतःच्या कार्डावर करणार आहोत.

जेवण भाजी-भाकरीचं आहे, त्यावर वाद नको. व्हिडिओही पाठवीन, हवा तर बघा.

आणखी एक. त्या सकाळी एकाच रानातून दोन नमुने घेणार आहोत, एक प्रत्येकाच्या नेहमीच्या सवयीने आणि एक कापाचा. दोन्हींवर वेगळी चिठ्ठी, सावलीत वाळवून दोन्ही प्रयोगशाळेत. निकाल आले की याच पानावर टाकतो. तुमच्या सवयीचा नमुनाही त्यात हवा असेल तर सातला खुरपं घेऊन या.