झाड कुणाचंच होऊ नये म्हणून

5 जून जवळ आलाय, सोसायटीच्या वृक्षारोपणाचा फ्लेक्स छापायला द्यायचाय आणि घोषणा सुचत नाही? ‘आपली झाडे, आपली जबाबदारी’ लिहा आणि मोकळे व्हा. चोवीस फ्लॅटांत ‘आपली’ म्हणजे नक्की कुणाची, हे कुणी विचारत नाही. बेळगावचा पाऊस सप्टेंबरपर्यंत पाणी घालतो, त्यामुळे घोषणा लागू पडल्यासारखी वाटते. होळीनंतर माती विटेसारखी कडक होते, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, आणि शेजाऱ्यानं घातलं असेलच याची प्रत्येकाला खात्री असते. रोप शांतपणे वाळतं. भांडण नाही, तंटा नाही.

कुठली झाडं हवीत हे रहिवाशांना विचारू नका. विचारलंत की तळमजल्याच्या काकू बकुळीसाठी हटून बसतील, वरचे अण्णा ‘जांभूळच पायजे’ म्हणतील, मीटिंग दोन तास लांबेल. आणि ज्यानं झाडासाठी भांडण केलं तो पुढं त्याच्याकडे बघत बसतो, ही खरी डोकेदुखी. त्यापेक्षा नर्सरीतून मिळेल ते आणा आणि फ्लेक्सवर चेअरमन, सेक्रेटरी आणि प्रमुख पाहुण्यांचे फोटो ठळक येऊ द्या. झाड कमिटीचं आहे हे लोकांना आपोआप कळतं.

मात्र एका प्रकारच्या पाटीपासून सांभाळा. समजा कुणा उत्साही पोरानं पत्र्यावर रंगवलं: ‘हा जांभूळ दुसऱ्या मजल्याचा. मंगळवार-शुक्रवार एकेक बादली. आज पाळी: 203.’ घात झाला! यात झाड ठरलेलं, वार ठरलेला, माणूसही ठरलेला. अंग काढून घ्यायला जागाच नाही. मग 203 च्या वहिनी तांदूळ धुतलेलं पाणी जपून ठेवायला लागतात. गावाला जाताना पाळी 204 ला लावून जातात. आळ्यात पालापाचोळा पसरून ओल धरतात. एक दिवस गॅलरीतून ओरडतातही, “काय ओ, आमच्या झाडाला कोण गाडी टेकवलाय?” हे ‘आमच्या’ एकदा तोंडात बसलं की दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत झाड जगण्याचा धोका असतो.

त्याहून वाईट म्हणजे निकालाची पाटी. ‘लावली 24, जगली 19’ असं गेटवर मे महिन्यात खडूनं लिहिलं की मेलेली पाच कुठल्या मजल्याची, हे पोरंसुद्धा मोजायला लागतात. नाइलाजानं आकडा लिहायचाच झाला तर फक्त लावलेल्यांचा लिहा, तोही 5 जूनच्या संध्याकाळी.

एवढं करूनही ती पत्र्याची पाटी कुणी लावलीच, तर कंपाउंडच्या रंगकामाच्या निमित्तानं काढून घ्या. फक्त 203 च्या वहिनी माहेरी गेल्यात याची आधी खात्री करा.