कीवर्ड बारा वेळा

वेबसाइटसाठी लिहिलेला उकडीच्या मोदकांवरचा माझा लेख काल काम देणाऱ्या मॅडमकडून परत आला. शेरा एकच: "कीवर्ड ११ वेळाच आलाय सर, १२ हवा." मोदक फुटेल की राहील, याबद्दल चकार शब्द नाही.

कीवर्ड म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाइप करतात ते शब्द. इथे तो होता `ukadiche modak recipe in marathi`. तो जसाच्या तसा, रोमन लिपीत, मराठी लेखात बसवायचा. म्हणजे आजी नातीला सांगणार, "चल बाळ, आता आपण ukadiche modak recipe in marathi करूया!" लगेच फोन केला.

"मॅडम, लोक मोबाइलवर असं टाइप करतात हे खरं. पण त्यांना हवी असते मराठीतली कृती. पान मराठीत आहे, म्हणजे ती गरज भागली."

"हो सर, पण कीवर्ड मोजणाऱ्या टूलमध्ये लाल दिवा लागतो."

"गूगलच्या स्पॅमच्या नियमांत कीवर्ड कोंबणं चक्क नाव घेऊन मना केलंय."

"हो सर, पण क्लायंट टूल बघतो."

"आणि वाचक?"

"वाचक टूल नाही बघत, सर."

यावर काय बोलणार! रोमन कीवर्डची जागा असते पानाच्या पत्त्यात. तिथे देवनागरी घातली की पत्ता कॉपी करताना प्रत्येक अक्षराची आणि मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात. नुसत्या 'मोदक'ची ३६. व्हॉट्सअ‍ॅपवर असा पत्ता कोणी पाठवला, तर उघडणारा दहादा विचार करतो. म्हणून पत्ता `ukadiche-modak-recipe`, आणि शीर्षकात नि पहिल्या परिच्छेदात साधं 'उकडीचे मोदक'. झालं काम. उरलेल्या वेळा तो शब्द बोलण्याच्या ओघात येईल तेवढा येऊ द्यावा. शिवाय बिल करताना कळलं, की कीवर्डचे शब्द मोजायचे नाहीत, "कारण ते आम्हीच दिलेत." पाच शब्द, बारा वेळा. साठ शब्द मी फुकट लिहिले, तेही मनाविरुद्ध.

लेख कसा हवा हे सांगणारं ब्रीफ कामासोबत येतं. त्यात 'वाचक' या रकान्यात होतं: 'महिला, १८ ते ६५, संपूर्ण भारत.' यातल्या पासष्ट वर्षांच्या बाई माझा लेख वाचायला नाही, चुका काढायला येणार. आणि पुरुषांनी मोदक नुसते खायचे, हे ब्रीफनेच ठरवून टाकलं. त्या जागी एक ओळ पुरली असती: पहिल्यांदाच करणारी व्यक्ती, दुकानातली तयार पिठी, हातात साचा, चतुर्थीची सकाळ. एवढं कळलं की लेख आपोआप ठरतो. पिठीइतकंच पाणी, पण पाकिटातली पिठी कधीकधी जास्त पाणी पिते, म्हणून थोडं कोमट पाणी बाजूला ठेवायचं. उकड झाकून वाफ द्यायची आणि गरम असतानाच मळायची. कोरडी राहिली तर पारीच्या कडा चिरतात. सैल झाली तर मोदक वाफेत बसतो. सारणात ओल राहिली तर बूड फुटतं. हेच उपमथळे. ब्रीफमधले उपमथळे मात्र 'मोदक म्हणजे काय', 'मोदकाचे महत्त्व' आणि 'मोदकाचे फायदे'. ज्याचे दोन्ही हात उकडीत आहेत, त्याला मोदक म्हणजे काय हे सांगायचं!

स्रोत म्हणून तीन दुवे होते, गूगलवर वर येणारी तीन पानं. "यावरूनच घ्या, पण युनिक हवं." तिन्ही पानांवर कृती एकच, वाक्यांची अदलाबदल केलेली. तिसऱ्यावर तर फोटो तळणीच्या मोदकांचा. खाली तळटीप: 'शक्यतो सरकारी संकेतस्थळांचा आधार घ्यावा.' पारीला किती कळ्या घालायच्या याचा शासन निर्णय कुणाला सापडला तर कळवा. पाककृतीचा खरा स्रोत म्हणजे दरवर्षी मोदक करणारं माणूस. ब्रीफमध्ये त्या माणसाचा फोन नंबर हवा, आणि त्याच्याशी बोलण्याच्या वेळेचे पैसेही. दोन्ही नसतात. मग चौथं पान त्या तिघांसारखंच तयार होतं, आणि पुढच्या लेखकाला ते स्रोत म्हणून जातं.

राहता राहिला टोन. 'आजीसारखा मायाळू, पण यूथफुल. अधिकृत, पण हलकाफुलका.' विशेषणांनी मराठीत टोन ठरत नाही, क्रियापदाच्या शेपटीने ठरतो.

"मॅडम, 'पीठ घ्यावे' लिहू, 'घ्या' लिहू, की 'घ्यायचं'?"

पलीकडे बराच वेळ शांतता.

"सर, तिन्ही मिक्स करा ना."

'घ्यावे' म्हटलं की जुन्या पाकपुस्तकातल्या बाई चष्म्यावरून बघतात, 'घ्या' म्हटलं की वर्ग भरतो, आणि 'घ्यायचं' म्हटलं की कोणीतरी ओट्यापाशी शेजारी उभं राहतं. तिघांना एका स्वयंपाकघरात कोंबलं तर मोदक कोण करणार? आवडलेल्या लेखातल्या दहा ओळी ब्रीफला जोडल्या असत्या, तर हा फोनच करावा लागला नसता. तसं सुचवलं. त्या म्हणाल्या, "नोट केलं, सर."

आज सकाळी नवं ब्रीफ आलं. विषय टर्म इन्शुरन्स. टोन: आजीसारखा मायाळू.