प्रिंटरमधून निघणारी अगम्य पाने आणि व्हायरसचा संशय

“प्रिंटरमधून चित्रविचित्र चिन्हांची पानांमागून पाने येऊ लागली, तर संगणकात व्हायरस शिरला आहे हे नक्की. लगेच विंडोज फॉरमॅट करा. मराठी फाइल असेल तर दोष फॉन्टचा असतो. एवढे करूनही थांबले नाही, तर प्रिंटरचे कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, गेले असे समजा आणि नवे बसवून घ्या.”

वरच्या सल्ल्यातील व्हायरसबद्दलच्या समजाला एक खरा आधार आहे, तो आधी मान्य करायला हवा. जून २०१२ मध्ये ‘मिलिसेन्सो’ नावाच्या ट्रोजन प्रकारच्या घातक प्रोग्राममुळे अनेक कार्यालयांतील प्रिंटर कागद संपेपर्यंत अगम्य मजकूर छापत राहिले होते, आणि सिमँटेक या कंपनीने तेव्हा सर्वाधिक बाधित देशांत अमेरिकेबरोबर भारताचेही नाव घेतले होते. त्या ट्रोजनच्या फाइली विंडोजच्या छपाईच्या रांगेच्या फोल्डरमध्ये पडत आणि विंडोज त्या छपाईचे काम समजून प्रिंटरकडे पाठवत असे. मात्र अशा छपाईची खूण कागदावरच सापडते. विंडोजच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला `This program cannot be run in DOS mode` हे वाक्य असते, त्यामुळे प्रोग्रामची फाइलच छापली गेली असेल तर ते पहिल्या पानावर वरच्या भागात दिसते. ते दिसले तर अँटिव्हायरस जरूर चालवावा. एरवी पहिल्या ओळीत दुसरेच काही असते, आणि ते न वाचताच पाने रद्दीत जातात हीच खरी अडचण आहे.

संगणक प्रिंटरला पानाचे तयार चित्र देतोच असे नाही. बहुतेक कार्यालयीन लेझर प्रिंटरना तो पानाचे वर्णन पाठवतो, आणि ते वर्णन कोणत्या भाषेत करायचे हे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा संगणकातला प्रोग्राम, ठरवतो. यांतील दोन भाषा सर्वांत प्रचलित आहेत: एचपीने १९८४ च्या लेझरजेटमध्ये वापरलेली पीसीएल आणि अडोबीची पोस्टस्क्रिप्ट. पीसीएलमध्ये आज्ञेची सुरुवात ‘एस्केप’ या विशिष्ट बाइटने होते. तो बाइट नसेल तर जे येईल ते साधा मजकूर मानून छापायचे, असा तिचा नियम आहे. पोस्टस्क्रिप्ट ही मात्र रीतसर प्रोग्रामिंगची भाषा असून ती जवळजवळ सगळी वाचता येण्याजोग्या अक्षरांतच लिहिलेली असते. म्हणूनच पोस्टस्क्रिप्टचा मजकूर फक्त पीसीएल जाणणाऱ्या प्रिंटरकडे गेला, तर प्रिंटर कुठलीही तक्रार न करता तो ओळीने छापत सुटतो. उलट दिशेने असे सहसा होत नाही: पोस्टस्क्रिप्टच्या प्रिंटरला परकी भाषा मिळाली की तो चूक दाखवून थांबतो किंवा काहीच छापत नाही.

एक उदाहरण घेऊ. एकाच नावाच्या प्रिंटरच्या दोन आवृत्त्या बाजारात आहेत. महागडीत पोस्टस्क्रिप्ट आहे, स्वस्तातल्या आवृत्तीत नाही. कार्यालयाने स्वस्तातली घेतली, पण नव्या संगणकावर ड्रायव्हर निवडताना यादीत नावापुढे ‘पीएस’ असलेला निवडला गेला. अर्ध्या पानाचे पत्र छापायला दिले आणि कागद येतच राहिले. त्यांतील पहिल्या पानाचा माथा साधारण असा असतो:

```
%!PS-Adobe-3.0
%%Title: Patra.docx
%%Pages: 1
```

त्याखाली जे पानेच्या पाने चालते ते चिन्हांचे जंगल वाटले, तरी ते त्याच पत्राचे आणि त्यासोबत पाठवलेल्या फॉन्टचे पोस्टस्क्रिप्टमधील वर्णन असते. मजकुराच्या आधी ड्रायव्हरने `@PJL ENTER LANGUAGE=POSTSCRIPT` अशी सूचनाही पाठवलेली असते. पण ती भाषाच बसवलेली नसल्याने प्रिंटर आपल्या नेहमीच्या पीसीएलमध्येच राहतो.

दुसरा प्रकार अधिक कागदखाऊ आहे. पीसीएल ६ या नावाने विकल्या जाणाऱ्या ड्रायव्हरची भाषा, म्हणजे पीसीएल एक्सएल, जुन्या पीसीएल ५ पेक्षा पूर्णपणे वेगळी आणि बायनरी, म्हणजे वाचता न येणाऱ्या बाइटांच्या स्वरूपाची आहे. ती फक्त पीसीएल ५ जाणणाऱ्या प्रिंटरकडे गेली, तर पहिल्या ओळीत `HP-PCL XL` ही अक्षरे उमटतात आणि पुढे प्रत्येक पानावर चारदोन चिन्हे छापून पान बाहेर पडते. याचे कारण असे की १२ या मूल्याचा बाइट प्रिंटरला ‘पान बाहेर टाका’ असे सांगतो, आणि दाबून लहान केलेल्या माहितीत तो ढोबळमानाने २५६ बाइटांमागे एकदा योगायोगानेच येतो. ५० किलोबाइटची छोटीशी फाइल अशा रीतीने दोनशेच्या आसपास पाने मागू शकते.

फॉरमॅटचा उपाय पुष्कळदा लागू पडतो, आणि म्हणूनच तो लोकप्रिय आहे. फॉरमॅट करताना चुकीचा ड्रायव्हरही जातो, रांगेत अडकलेले कामही जाते, आणि नंतर तंत्रज्ञ योग्य ड्रायव्हर टाकतो. श्रेय मात्र नसलेला व्हायरस गेल्याला मिळते. हेच काम काही मिनिटांत होते. प्रिंटरमधील कागद काढून घ्यावा, प्रिंटर बंद करावा, आणि प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील आज्ञा द्याव्यात. त्यांनी रांगेतील सर्वच कामे पुसली जातात, हे लक्षात असू द्यावे.

```
net stop spooler
del /Q "%systemroot%\System32\spool\PRINTERS\*.*"
net start spooler
```

त्यानंतर प्रिंटरच्या गुणधर्मांत जाऊन ड्रायव्हर बदलावा आणि मगच प्रिंटर सुरू करावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. घाबरून प्रिंटर मध्येच बंद करून लगेच चालू केला, तर संगणक कधीकधी अर्धवट कामाचा उरलेला भाग पाठवतो. त्या भागाच्या सुरुवातीला भाषा सांगणारी ओळ नसते, त्यामुळे ड्रायव्हर अगदी बरोबर असला तरी प्रिंटर तो तुकडा मजकूर समजून छापतो. ‘ड्रायव्हर बदलला तरी तेच, म्हणजे कार्डच गेले’ हा निष्कर्ष बहुधा याच क्षणी काढला जातो.

फॉन्टविषयी थोडक्यात एवढेच की फॉन्टच्या दोषात पानाची मांडणी शाबूत राहते. समास जागच्या जागी असतात, पानांची संख्या बदलत नाही, फक्त देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे किंवा चौकोन येतात, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचा प्रश्न असेल तर ते बहुधा पडद्यावरही तसेच दिसते. एका पानाची साठ पाने कोणताही फॉन्ट करीत नाही.

कार्डाची शंका फेडायला पैसे लागत नाहीत. संगणकाची केबल आणि नेटवर्क काढून प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून किंवा मेनूतून माहितीपान छापावे. ते स्वच्छ आले, तर छपाईची यंत्रणा ठीक आहे आणि कार्डही बहुतांशी निर्दोष आहे. शिवाय अनेक प्रिंटर याच पानावर आपल्यात बसवलेल्या भाषांची यादी देतात. ड्रायव्हर निवडताना तीच प्रमाण मानावी. यादीत पोस्टस्क्रिप्ट असूनही तिचा मजकूर कच्चाच छापला जात असेल, तर मेनूतील भाषेची निवड ‘ऑटो’ऐवजी पीसीएलवर अडकवलेली आहे का, हे पाहावे. एचपी लेझरजेट १०२० सारख्या, पानाचे चित्र संगणकाकडूनच तयार करून घेणाऱ्या प्रिंटरांना ही परीक्षा पुरती लागू होत नाही. त्यांना मजकूर छापण्याची भाषाच नसल्याने चुकीच्या ड्रायव्हरवर ते बहुधा गप्प बसतात. कोणतीही केबल जोडलेली नसताना छापलेले माहितीपानच विस्कटलेले असेल, तर मात्र तंत्रज्ञाने कार्ड तपासण्याची मागणी वाजवी आहे.