जेवणानंतरचा एक तास

लातूरच्या आमच्या घरात दुपारच्या जेवणानंतर चहा होतो. जेवण आटोपून ताटे मोरीत पडली की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गॅसवर पातेले चढवतात, आणि शेवटच्या घासाची चव जिभेवर असतानाच कपबशी हातात येते. वीस वर्षे मी हा चहा निमूटपणे आणि, खरे सांगायचे तर, मोठ्या आवडीने पीत आले. मग गेल्या हिवाळ्यात शाळेचे दोन जिने चढताना धाप लागू लागली, रक्त तपासले, आणि हिमोग्लोबिन 9.8 निघाले. बाईमाणसाचे ते निदान 12 तरी असावे लागते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, पालेभाज्या वाढवायला सांगितले, आणि त्या क्षणापासून माझ्या आयुष्याची सूत्रे तांदुळजाच्या हाती गेली.

आत्याबाईंनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून तांदुळजाच्या चार जुड्या, पालकाच्या दोन आणि, हाताला लागला म्हणून, लाल माठ आणला. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात भाजी निवडण्याखेरीज दुसरे काम झाले नाही. पावशेर पाला कढईत पडताना डोंगराएवढा दिसतो आणि लसणाच्या फोडणीत दोन मिनिटे परतला की मूठभर होऊन तळाशी बसतो, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना माझे दुःख कळेल. त्यातून पहिल्या दिवशी भाजी एकाच पाण्यात धुतली गेली होती. दाताखाली कचकच झाली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, ‘‘खा गं, मातीत बी लोखंडच असतंय.’’

हे त्यांचे वाक्य मी पुढे माझ्या भाचीला सांगितले. ती परभणीला कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान शिकते आणि सुट्टीत आली की आमच्या स्वयंपाकघराची तपासणी करते. ती हसली नाही. तिने सांगितले की पानावर चिकटलेल्या मातीत लोह असते हे खरे आहे, आणि म्हणूनच नीट न धुतलेल्या भाजीचे प्रयोगशाळेत पृथक्करण केले तर आकडा भलताच फुगतो. पण त्या मातीतले लोह शरीराला फारसे लागू पडत नाही, दातांना मात्र लागू पडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांप्रमाणे कच्च्या पालकात शंभर ग्रॅममागे साधारण 3 मिलिग्रॅम लोह असते, हिरव्या माठ-राजगिऱ्याच्या पानांत साधारण साडेचार आणि लाल पानांत सातच्या आसपास. म्हणजे ज्या पालकाची लहानपणापासून इतकी थोरवी ऐकली तो आमच्या बांधावरच्या तांदुळजाच्या भाऊबंदांपुढे फिका निघाला. आत्याबाईंना हे ऐकून जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता, कारण पालकाला त्या ‘शहरातली भाजी’ म्हणतात.

आनंद फार टिकला नाही. भाचीने वहीचे कोरे पान घेतले आणि माझ्या ताटाचा हिशेब मांडला. माझ्या वयाच्या बाईने दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह खावे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2020 ची शिफारस आहे. हा आकडा एवढा मोठा असण्याचे कारण असे की आपल्या मिश्र आहारातले लोह शंभरात सुमारे आठच रक्तापर्यंत पोहोचेल, असे गृहीत धरलेले असते. नुसत्या पालेभाजीतून तेवढेही मिळत नाही. समजा, शंभर ग्रॅम माठ मी खाल्ला, त्यातले साडेचार मिलिग्रॅम लोह पोटात गेले आणि त्यातले शंभरात पाच शरीराने उचलले, तर रक्ताच्या वाट्याला आले सव्वादोन दशांश मिलिग्रॅम. ‘‘मावशी, पीकविम्यासारखं आहे,’’ ती म्हणाली, ‘‘मंजूर वेगळं, खात्यावर वेगळं.’’ शेतकऱ्याच्या घरात यापेक्षा स्पष्ट उदाहरण देता आले नसते.

हे असे का होते, ते तिने भांडी घासता घासता सांगितले. वनस्पतींतले लोह बहुतेक फेरिक, म्हणजे सहज न विरघळणाऱ्या, रूपात असते, आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ते फेरस, म्हणजे सहज विरघळणारे, झाले तरच भिंतीपलीकडे जाते. जठरातल्या आम्लात ते विरघळलेले असते. पण पुढे आतड्यात आम्लता कमी झाली की गाळासारखे खाली बसू पाहते. त्यातच ज्वारीच्या भाकरीतले फायटेट आणि भाजीतलीच काही द्रव्ये त्याला धरून बसतात. मी म्हटले, ‘‘मग भाकरी सोडू का?’’ आत्याबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की तो प्रश्न मी तेथेच मागे घेतला.

लिंबाचे काम येथे येते. लिंबातले क जीवनसत्त्व फेरिकला फेरस करते, शिवाय लोहाशी जोडी जमवून त्याला विरघळलेले ठेवते, म्हणजे आतड्यातही ते खाली बसत नाही. लिंबातले सायट्रिक आम्लही त्याला थोडा हात देते. मात्र हे सगळे त्याच जेवणात, त्याच घासांबरोबर व्हायला हवे. आत्याबाई रोज पहाटे कोमट पाण्यात लिंबू पिळून पितात आणि त्यामुळे दुपारच्या भाजीचीही सोय झाली, असे त्यांचे मत होते. भाचीने नम्रपणे सांगितले की पहाटेचे लिंबू दुपारच्या तांदुळजाची वाट पाहत थांबत नाही.

मग आमच्याकडे लिंबाचा सुकाळ झाला आणि त्यातून पहिला मोठा घोटाळा झाला. मी उत्साहाने अख्खे लिंबू फोडणीतच पिळले, वर झाकण ठेवून दहा मिनिटे भाजी शिजवली. भाजी आंबट झाली, तिचा हिरवा रंग मळकट तपकिरीवर गेला आणि क जीवनसत्त्वाचा मोठा भाग उष्णतेत गेला. उरला तो फक्त आंबटपणा. लिंबू गॅस बंद झाल्यावर, ताटात वाढल्यानंतर पिळायचे असते. शिवाय अर्ध्या लिंबातून दहा-पंधरा मिलिलिटर रस निघतो आणि त्यात क जीवनसत्त्व पाच-सात मिलिग्रॅमच असते. लोहाच्या शोषणावर ठळक फरक पडावा म्हणून जेवणात साधारण 25 ते 50 मिलिग्रॅम असलेले बरे. त्यामुळे हिवाळ्यात एक मध्यम पेरू ताटात ठेवला, तर तो चार लिंबांपेक्षा कितीतरी जास्त काम करतो, कारण पेरूत शंभर ग्रॅमला दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम सापडते. आमच्या दारातल्या पेरूला इतक्या वर्षांत पोरांनी दगड मारण्यापलीकडे कोणी किंमत दिली नव्हती.

इथवर सारे सुखाचे होते. संकट शेवटी, हळूच आले. भाचीने विचारले, ‘‘जेवणानंतर काय घेता?’’ मी म्हणाले, ‘‘चहा.’’ ‘‘किती वेळानं?’’ मी म्हणाले, ‘‘हात पुसेपर्यंत.’’ तिने पेन खाली ठेवले.

चहातली टॅनिन आणि त्यांच्या जातीची इतर द्रव्ये लोहाला आतड्यातच पकडतात, आणि ते पकडलेले लोह सरळ बाहेर निघून जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर शोषण साठ टक्के किंवा त्याहूनही जास्त कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे माझ्या सव्वादोन दशांशाचा उरला जेमतेम एक दशांश. दूध घातल्याने सुटका नाही, आले-गवती चहा घातल्यानेही नाही, कारण पावडर तीच. मी विश्वास ठेवला नाही, म्हणून तिने अंगणातला एक गंजलेला खिळा बशीत ठेवला आणि त्यावर कोरा चहा ओतला. रात्रभर ठेवला. सकाळी बशीत शाईसारखे काळे पाणी होते. आत्याबाईंनी ते वास घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘पोटात बी असंच होतंय?’’ पोटात खिळा नसतो, हे सांगून भाचीने त्यात लिंबाचे चार थेंब टाकले, तेव्हा काळेपणा थोडा ओसरला. लोह आणि टॅनिनची गाठ आंबटात सैल होते, एवढेच तिला दाखवायचे होते.

आत्याबाईंनी मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. लिंबाने काळे पाणी निवळते, तर चहातच लिंबू पिळावे म्हणजे मूळ प्रश्नच मिटला, असे त्यांना वाटले. त्यांनी उकळत्या दुधाच्या चहात अर्धे लिंबू पिळले. पुढच्या क्षणाला पातेल्यात जे फाटले त्याचे पनीर झाले असते तर एक वेळ समाधान होते. पण ते पनीरही नव्हते आणि चहाही नव्हता. लिंबाने टॅनिनचा अडथळा काही प्रमाणात कमी होतो, पूर्ण नाहीसा होत नाही. शिवाय दुधाने तेव्हा वेगळीच भूमिका घेतली होती.

अखेरीस ठरले ते असे की जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा बंद. आयसीएमआर आणि हैदराबादच्या त्याच पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितले आहे. तासाभरात बरेचसे अन्न पुढे सरकते, त्यामुळे चहाचा त्रास पुष्कळ कमी होतो, अगदी संपत नाही. कागदावर हे फार सोपे दिसते. पण मराठवाड्यात एक तास चहा नाकारणे म्हणजे घरात आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून परत पाठवण्यासारखे आहे. मी दीड वाजता जेवते. पावणेदोनला शेजारच्या काकू येतात. त्या चहाशिवाय बसत नाहीत, आणि यजमानीण पीत नसेल तर त्याही पीत नाहीत, ‘‘आमच्यासाठीच केला का?’’ असे म्हणून दुखावतात. दोन वाजता नणंदेचा फोन येतो आणि ती विचारते, ‘‘वहिनी, चहा झाला का?’’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले की तिकडे शांतता पसरते आणि मग घरात काही भांडण झाले का, अशी चौकशी सुरू होते.

मी पहिल्या आठवड्यात खोटे बोलले. दुसऱ्या आठवड्यात घड्याळ लावले, तर ते शाळेतल्या सुट्टीच्या घंटेसारखे वाजून काकूंना दचकवू लागले. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आले की गोळी मात्र मी इतके दिवस सकाळच्या चहाबरोबरच गिळत होते, आणि भाचीने हे ऐकून जे मौन पाळले ते नणंदेच्या मौनापेक्षा भारी होते. आता गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा त्यानंतर निदान तासाभराने, आणि दुपारी ताटात तांदुळजा, ज्वारीची भाकरी, वरून कच्च्या कांद्यावर पिळलेले लिंबू, जोडीला पेरू.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.4 झाले. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी काम केले. भाची म्हणाली, बहुतेक गोळ्यांनीच, भाजीचा हातभार थोडा. आत्याबाईंनी दोघांचेही ऐकून घेतले आणि तांदुळजाची जुडी उचलून गल्लीतल्या प्रत्येकीला दाखवून आल्या. परत आल्या तेव्हा दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. त्यांनी पातेले चढवले, माझ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि गॅस बंद करून म्हणाल्या, ‘‘दहा मिन्टं राहिलीत अजून, बस.’’