तासाला ७०० रुपये कशाचे? एका ग्राहकाच्या तक्रारीला आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (५ पैकी २ तारे): "माझं हार्डवेअरचं दुकान आहे. जीएसटीच्या नोटिशीला उत्तर द्यायला यांच्याकडे गेलो. काम झालं, पण बिल बघून धक्का बसला. असिस्टंट मॅडमचे १४ तास, तासाला ७०० रुपये. त्यांना पगार ३० हजार. २६ दिवस आणि रोजचे ८ तास धरले तर तासाला १४४ पडतात. म्हणजे जवळपास पाचपट! मालकांचे ३ तास २,००० रुपयांनी वेगळेच, वर १८ टक्के जीएसटी. सरळ सरळ लूट आहे."

नमस्कार साहेब,

तुम्ही हिशेब करून तक्रार केलीत, म्हणून मीही आकड्यांतच उत्तर देतो. तुमच्या नोटिशीत काय होतं आणि कागदांत काय निघालं, याबद्दल इथे एक अक्षरही लिहिणार नाही. ते तुमच्या-माझ्यात राहील. मॅडमचा खरा पगारही सांगणार नाही, तुम्ही लिहिलेले ३० हजारच धरतो. दर मात्र आमचा आहे आणि तो कसा ठरतो हे चारचौघांत सांगायला मला काहीच हरकत नाही.

तुमचे १४४ रुपये बरोबर आहेत, पण ते आम्ही पगार देतो त्या तासाचे आहेत. बिलात लावता येतो तो तास वेगळा, आणि सगळा फरक तिथेच पडतो. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ रविवार, दुसरा-चौथा शनिवार धरून २४, सणावाराचे १२ आणि हक्काच्या रजेचे १८ दिवस वजा केले की २५९ उरतात. रोजचे ८ तास म्हणजे २,०७२ तास. हे सगळे ग्राहकाच्या नावावर लागत नाहीत. नियम बदलला की परिपत्रक वाचून तिघांनी बसून समजून घ्यायचं, रिटर्न भरायच्या २० तारखेला जीएसटीचं पोर्टल अडकलं की वाट बघायची, ओटीपीसाठी ग्राहकाला फोन करत राहायचं, राहिलेल्या कागदांची आठवण करायची, जुन्या फायली लावायच्या, आमचीच बिलं काढायची. आमच्याकडचं काही चुकलं तर ते दुरुस्त करण्याचा वेळही आम्ही कोणाला लावत नाही. हे सगळं जाऊन आमच्याकडे माणशी वर्षाला साधारण १,३५० तास बिलाला लागतात, म्हणजे ६५ टक्के.

आता पगार पुन्हा मोजू. वर्षाचे ३ लाख ६० हजार, दिवाळीला एक पगार बोनस आणि आरोग्य विम्याचा हप्ता धरून साधारण ४ लाख. त्याला १,३५० ने भागलं की तासाला २९६ रुपये येतात. भाड्याचा एक रुपया धरायच्या आधीच तुमचे १४४ दुपटीच्या वर गेले.

मग ऑफिसचा खर्च. जागेचं भाडं, वीज, इंटरनेट, संगणक, सॉफ्टवेअरची दरवर्षीची फी, आणि पुढच्या टेबलावर बसणारे आमचे काका, ज्यांचा एकही तास कोणाच्या बिलात जात नाही पण ज्यांच्याशिवाय ऑफिस उघडत नाही. हे सगळं मिळून वर्षाला १३ लाख ८० हजार होतात. तीन असिस्टंटचे ४,०५० आणि माझे १,००० असे ऑफिसचे एकूण ५,०५० तास बिलाला लागतात, तर प्रत्येक तासावर २७३ रुपये बसतात. काही जण हा खर्च पगाराच्या प्रमाणात वाटतात. मग असिस्टंटचा दर कमी दिसतो आणि मालकाचा वाढतो. आम्ही तासावर वाटतो, कारण टेबल, संगणक आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स माणशी एकच लागतं, पगार कितीही असो.

२९६ आणि २७३ मिळून ५६९. हा आमचा नुसता खर्च. ७०० लावतो तेव्हा पूर्ण ७०० हातात येतात असंही नाही. कुठे काम अंदाजापेक्षा लांबतं आणि ठरलेल्या रकमेच्या वर मागता येत नाही, कुठे ग्राहक घासाघीस करतो, कुठे उधारी बुडते. शंभर रुपयांच्या बिलामागे नव्वद जमा होतात, असं धरूनच आम्ही दर ठरवतो. म्हणजे ७०० चे ६३०. त्यातून ५६९ गेले की तासाला ६१ रुपये उरतात. नवा संगणक त्यातूनच येतो आणि आयकरही त्यातूनच जातो.

या ६१ रुपयांचा सगळा भार त्या ६५ टक्क्यांवर आहे. एखाद्या वर्षी काम कमी आलं आणि तिघांचे माणशी १,३५० ऐवजी १,१५० तासच लागले, तर पगाराचे २९६ होतात ३४८ आणि ऑफिसखर्चाचे २७३ होतात ३१०. बेरीज ६५८, हातात येणार ६३०. दर तोच, माणसं तीच, आणि प्रत्येक तासामागे २८ रुपये पदरचे. तुमच्या दुकानात आज न विकलेला कडी-कोयंडा उद्याही कपाटात असतो, आमचा न विकलेला तास संध्याकाळी संपतो. म्हणून प्रत्येक महिनाअखेरीला मी आधी टाइमशीट बघतो, बँकेतली शिल्लक नंतर. तोटा बँकेत उशिरा दिसतो, टाइमशीटमध्ये आधी.

मग माणसांकडून ८५-९० टक्के तास का काढत नाही, दर आपोआप उतरेल, असं वाटू शकतं. रिटर्नच्या हंगामात आम्ही तिथपर्यंत जातोच. वर्षभर तसं चालवलं की बिलं घाईत जुळवली जातात, नवा नियम वाचायला कोणी बसत नाही, आणि चुकलेल्या क्रेडिटचं व्याज ग्राहकाला भरावं लागतं. तो धोका मी घेणार नाही.

माझ्या २,००० बद्दल थोडक्यात. मी हेच काम दुसरीकडे नोकरीत केलं तर मिळेल असा वर्षाचा १२ लाख मोबदला धरतो. माझे १,००० तासच बिलाला लागतात, बाकीचे इतरांचं काम तपासण्यात आणि ऑफिस चालवण्यात जातात. १,२०० अधिक २७३ म्हणजे १,४७३, आणि हातात येतात १,८००. म्हणूनच शक्य तेवढं काम मॅडमकडे देतो आणि मी उत्तराचा मसुदा आणि शेवटची तपासणी एवढंच करतो. सगळे १७ तास मी बसलो असतो तर १५,८०० च्या जागी ३४,००० झाले असते.

जीएसटीचे २,८४४ रुपये आमचे नाहीत, ते सरकारजमा होतात. तुम्ही कंपोझिशनमध्ये नसाल तर आमचं बिल तुमच्या GSTR-2B मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत, दिसेल, त्याचं क्रेडिट घ्यायला विसरू नका.

तास कमी करण्याचा मार्ग मात्र तुमच्या हातात आहे. अशा कामात वेळ खातं ते खरेदीची बिलं 2B शी जुळवणं. पुरवठादाराच्या बिलावर नंबर HW/145 असतो आणि आपल्या वहीत नुसता 145. मार्चचं बिल त्याने उशिरा भरलं म्हणून ते एप्रिलच्या 2B मध्ये येतं. कुणाचा जीएसटी क्रमांक एका आकड्याने चुकलेला असतो. अशी प्रत्येक नोंद हाताने शोधावी लागते, आणि वर्षानंतर पुरवठादारालाही ती आठवत नाही. तुमच्या मुनीमजींनी दर महिन्याला 2B उतरवून वहीशी ताडून ठेवली, तर पुढच्या वेळी हे काम पुष्कळ लवकर होईल. पद्धत आम्ही एकदा दाखवू, त्याचे पैसे घेणार नाही.

तुमच्या १४ तासांची टाइमशीट पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींसकट ऑफिसात आहे. २० तारीख झाली की कधीही या, सोबत बसून बघू. एखादी नोंद पटली नाही तर तिथेच सांगा, तेवढा वेळ बिलातून कमी करतो.